पांढरी शीर क्वार्ट्झची की कॅल्साइटची, हे जागेवरच कसं ठरवायचं?

प्रश्न: खडकात पांढऱ्या शिरा दिसतात. क्वार्ट्झची कुठली आणि कॅल्साइटची कुठली, हे आउटक्रॉपवरच कसं ओळखायचं? आम्ल टाकून बघितलं, पण एकाच शिरेवर एका जागी फसफसतं आणि वीतभर पलीकडे काहीच होत नाही. मग त्या शिरेला म्हणायचं काय?

उत्तर:

आधी चाकू, मग आम्ल. दोन्ही ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर, आणि शिरेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत निदान चार-पाच जागी. आम्ल एका जागी हो आणि दुसऱ्या जागी नाही म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा आम्ल बरोबरच असतं. चुकीचं असतं ते आपलं गृहीतक, की अख्खी शीर एकाच खनिजाची आहे.

रंगावर विसंबू नका. दोन्ही खनिजं दुधी पांढरी असतात, दोन्हींवर लोहाचे पिवळे-तांबूस डाग चढतात, दोन्ही क्वचित पारदर्शकही मिळतात. वजनाचाही उपयोग नाही. क्वार्ट्झची घनता २.६५ आणि कॅल्साइटची २.७१, हा फरक हाताला कळत नाही. फरक आहे तो काठिण्यात (मोह्‌स मापावर क्वार्ट्झ ७, कॅल्साइट ३), तुटण्याच्या पद्धतीत आणि आम्लाशी होणाऱ्या क्रियेत. तिन्ही गोष्टी बघायला एक चाकू, दहापट मोठं दाखवणारं भिंग, आम्लाची थेंबबाटली आणि एक हातोडा पुरतो.

लांबून काय दिसतं

क्वार्ट्झ पावसाच्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे शिस्ट, शेल किंवा चुनखडीसारख्या खडकात क्वार्ट्झची शीर बरगडीसारखी वर उठून राहते. कॅल्साइट किंचित आम्लधर्मी पाण्यात विरघळतं, म्हणून सिलिकेट खडकातली कॅल्साइटची शीर हळूहळू खोलगट होते आणि तिच्या जागी मातीने भरलेली खाच उरते. ही खूण लांबून उपयोगी पडते, कारण कुठल्या शिरेकडे आधी जायचं ते तिच्यावरून ठरवता येतं. पुरावा म्हणून मात्र ती कच्ची आहे. क्वार्टझाइटमधली क्वार्ट्झची शीर वर उठत नाही, कारण भोवतालचा खडकही तितकाच टिकाऊ असतो. चुनखडीतली कॅल्साइटची शीर खडकाच्या पातळीतच राहते, आणि भोवतालची चुनखडी फार बारीक कणांची असेल तर कधी कधी ती थोडी वरही उठलेली दिसते, कारण मोठे स्फटिक बारीक कणांपेक्षा सावकाश विरघळतात. कोरड्या हवामानात हा फरक आणखी पुसट होतो.

याच गोष्टीतून एक मोठा सापळा तयार होतो, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. शिरेत क्वार्ट्झ आणि कॅल्साइट दोन्ही असतील, तर पृष्ठभागावरचं कॅल्साइट आधी निघून जातं आणि फक्त क्वार्ट्झचा सांगाडा उरतो. वरवर बघणारा 'क्वार्ट्झ शीर' असं लिहून मोकळा होतो. असा सांगाडा ओळखायचा तो त्यातल्या पोकळ्यांवरून. भिंगाखाली पोकळीच्या भिंती तिरप्या समांतरभुज चौकोनासारख्या दिसल्या, तर तिथे कॅल्साइट किंवा दुसरं एखादं कार्बोनेट होतं. पोकळीत तपकिरी गंजासारखी माती उरली असेल, तर ते कार्बोनेट लोहयुक्त असण्याची शक्यता जास्त. पोकळी घनाकृती असेल, तर ती बहुधा पायराइटची. अशा शिरेत पाच-दहा सेंटिमीटर आत जाईपर्यंत फोडल्याशिवाय कुठलंच प्रमाण लिहू नका.

फोडायचं कसं

जुन्या पृष्ठभागावर केलेली चाचणी ही शिरेची नसून तिच्यावरच्या पापुद्र्याची असते. भूजल वर येऊन सुकतं तेव्हा कॅल्शियम कार्बोनेटचा पातळ थर मागे ठेवून जातं. तो थर क्वार्ट्झवर असला तरी आम्लाला जोरात फसफसतो. उलट कॅल्साइटवर लोहाचा किंवा सिलिकाचा पापुद्रा असेल, तर आम्ल आत पोचतच नाही आणि थेंब नुसता बसून राहतो. एकाच दगडावर दोन्ही प्रकारची चूक होऊ शकते.

शिरेच्या मध्यावर सरळ घाव घालू नका. क्वार्ट्झ असेल तर हातोडा उसळतो आणि धारदार कपच्या डोळ्यांच्या उंचीवर उडतात. चष्मा लावून, शिरेचा एखादा पुढे आलेला कोपरा किंवा आधीच भेग गेलेली कड शोधून तिथे तिरपा घाव घाला. छिन्नी वापरणार असाल, तर ती शिरेच्या आणि भोवतालच्या खडकाच्या सीमेवर लावा. तुकडा त्या सीमेवरून निघाला, तर शिरेचा काठही तुमच्या हातात येतो आणि तो पुढे फार कामाचा ठरतो. अंगठ्याएवढा तुकडा पुरे. घाव घालतानाच थोडा अंदाज येतो. क्वार्ट्झवर आवाज खणखणीत येतो आणि क्वचित ठिणगी पडते, तर कॅल्साइटवर आवाज बद्द येतो आणि घावाच्या जागी पांढरा चुरा होतो. (क्वार्ट्झचे दोन तुकडे अंधारात एकमेकांवर जोरात घासले तर मंद प्रकाश दिसतो. बघायला छान, पण दिवसाढवळ्या फील्डवर निरुपयोगी.)

हातोडा चालवायला मनाई असलेल्या जागी पायथ्याशी पडलेले तुकडे बघावे लागतात. अशा वेळी तुकड्याला भोवतालच्या खडकाचा थोडा भाग चिकटलेला असेल तरच तो त्या शिरेचा माना. नुसता पांढरा गोटा कुठूनही वाहून आलेला असू शकतो, आणि टिकाऊपणामुळे असे गोटे बहुतेक क्वार्ट्झचेच असतात.

नुसतं बघून

ताजा तुकडा उन्हात धरून हळूहळू फिरवा. कॅल्साइट तीन दिशांना सपाट तुटतं. तुकडा ठरावीक कोनात आला की एकदम एक सपाट पृष्ठ लखकन चमकतं, आणि त्याच क्षणी त्याच्या खालच्या-वरच्या लहान पायऱ्याही चमकतात, कारण त्या सगळ्या एकमेकींना समांतर असतात. थोडं फिरवलं की दुसऱ्या दिशेच्या पायऱ्या चमकतात. असं ठरावीक दिशांनी सपाट तुटणं म्हणजे पाटन. दोन पाटनपृष्ठं जिथे मिळतात तिथला कोन काटकोन नसतो. तो सुमारे ७५ किंवा १०५ अंशांचा असतो, आणि त्याचा तिरपेपणा डोळ्यांना सहज जाणवतो.

क्वार्ट्झला असं पाटन नाही. ते फुटलेल्या जाड काचेसारखं तुटतं: वळणदार, खोलगट पृष्ठं, त्यांवर कधी कधी मंद वर्तुळाकार लहरी, आणि बोट कापेल अशी कड. चमक काचेची किंवा किंचित तेलकट असते, आणि तुकडा फिरवला तरी ती कुठल्याही एका कोनात एकदम पेटत नाही.

इथे दोन ठिकाणी गफलत होते. पहिलं ठिकाण म्हणजे बारीक दाण्यांचं कॅल्साइट. प्रत्येक दाणा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असेल, तर मोठं सपाट पृष्ठ दिसतच नाही आणि तुकडा खडीसाखरेच्या भुग्यासारखा दाणेदार भासतो. अशा वेळी भिंग डोळ्याला अगदी टेकवून दगड जवळ आणा आणि उन्हात हलवा. दाण्यागणिक बारीक चमक उठत असेल, तर ते पाटन असलेलं खनिज आहे. दुसरं ठिकाण म्हणजे दाब सोसलेली क्वार्ट्झ शीर. तिच्यात समांतर भेगा पडलेल्या असतात आणि तुकडा त्या भेगांवरून सपाट सुटतो. नवख्याला ते पाटनच वाटतं. असा तुकडा आणखी एकदा फोडा. पाटन कितीही बारीक तुकडे केले तरी पुन्हा पुन्हा येतं, भेग मात्र एकदा सुटली की संपते आणि आतलं पृष्ठ वळणदार निघतं.

स्फटिकांची टोकं मोकळ्या पोकळीत वाढलेली असतील तर काम सोपं. क्वार्ट्झचे सहा बाजूंचे खांब असतात आणि खांबाच्या बाजूंवर आडव्या बारीक रेषा असतात. कॅल्साइट बहुधा तिरप्या ठोकळ्यांच्या किंवा कुत्र्याच्या सुळ्यांसारख्या टोकदार रूपात दिसतं. पण आकारावरून खनिज ठरवताना एक अपवाद लक्षात ठेवा. भूपृष्ठाजवळ उकळलेल्या गरम पाण्यातून बनलेल्या शिरांमध्ये कधी कधी पातळ पात्यांची जाळी दिसते. पाणी उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्साइट पात्यांच्या रूपात झपाट्याने बनतं. पुढे सिलिकायुक्त पाणी त्या पात्यांची जागा घेतं, आकार तसाच राहतो आणि पदार्थ क्वार्ट्झ होतो. सोन्याच्या शोधात निघालेले भूवैज्ञानिक अशा पात्यांपाशी हमखास थांबतात, कारण तिथे पाणी उकळलं होतं याची ती खूण आहे. नोंद करताना 'पात्यांचा आकार कॅल्साइटचा, पदार्थ क्वार्ट्झ' असं दोन्ही लिहा. पदार्थ ठरवण्याचं काम मात्र चाकूवर सोडा.

चाकू

साधं पोलादी पातं मोह्‌स मापावर साधारण ५ ते ५.५ असतं. चांगलं कडक केलेलं पोलाद ६.५ पर्यंत जातं, पण ७ वर कुठलाच खिशातला चाकू जात नाही. म्हणजे कॅल्साइटवर ओरखडा उठणार आणि क्वार्ट्झवर नाही. इतकं सरळ असूनही ही चाचणी चुकते, कारण क्वार्ट्झवरही चाकूची रेघ उमटते. ती असते पोलादाची. पातंच झिजतं आणि त्याचा राखाडी धातू दगडावर चिकटतो.

म्हणून असं करा. शक्य तितकी सपाट, ताजी जागा निवडा. टोक टेकवून जोर देऊन साधारण एक सेंटिमीटर रेघ ओढा. फुंकर मारा, ओल्या बोटाने पुसा आणि मग भिंगातून बघा. पुसल्यावर चकाकती राखाडी रेघ राहिली आणि खाच नसेल, तर खनिज पोलादापेक्षा कठीण आहे. खाच पडली असेल आणि तिच्या कडेला पांढरी भुकटी असेल, तर खनिज मऊ आहे. नखाने रेघेवरून आडवं फिरवलं तरी खाच असल्यास नख अडकतं.

यानंतर तीच चाचणी उलटी करा. तुकड्याची टोकदार कड पात्याच्या सपाट बाजूवर दाबून ओढा. क्वार्ट्झ पोलादावर कायमची चकचकीत चर पाडतं. कॅल्साइट पोलादावर नुसतं पांढरं पीठ सोडतं आणि ते पुसलं की पातं जसंच्या तसं. या उलट्या चाचणीला पाच सेकंद लागतात, आणि पहिलीतली जवळपास प्रत्येक शंका ती मिटवते. दोन्हींची उत्तरं जुळत नसतील, तर तुम्ही दोन वेगळ्या खनिजांवर चाचणी केली आहे. जागा बदलून पुन्हा बघा.

ठिसूळ झालेल्या क्वार्ट्झ शिरेत आणखी एक अडचण येते. दाण्यांमधलं बंधन सैल झालेलं असतं, चाकूचं टोक दाणे उपटून काढतं आणि खोल ओरखडा पडल्यासारखं दिसतं. अशा वेळी निघालेली भुकटी पात्याच्या सपाट भागावर घ्या आणि दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत धातूच्या वस्तूने दाबून फिरवा. क्वार्ट्झ करकरतं आणि धातूवर बारीक रेघा उमटवतं. कॅल्साइटची भुकटी आणखी बारीक होते आणि आवाज करत नाही.

आम्ल

१० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. बाजारातलं तीव्र आम्ल ३५ ते ३७ टक्के असतं. तीन भाग पाण्यात एक भाग तीव्र आम्ल ओतलं की साधारण तेवढी तीव्रता मिळते. नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही, कारण मिश्रण तापून उडू शकतं. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करा. फील्डवर फक्त पातळ आम्लच न्यायचं, तेही प्लॅस्टिकच्या थेंबबाटलीत, आणि ती बाटली वेगळ्या बंद पिशवीत. बाटली जुनी असेल, तर निघण्यापूर्वी नक्की माहीत असलेल्या चुनखडीवर एक थेंब टाकून बघा. वापरून वापरून मळलेलं किंवा क्रिया होऊन कमजोर झालेलं आम्ल खऱ्या कॅल्साइटवरही थंडपणे बसून राहतं.

आता थेंब. भोवतालचा खडक चुनखडीचा किंवा चुनायुक्त असेल, तर शिरेवर टाकलेला थेंब ओघळून खडकावर जातो, तिथे फसफसतो, आणि वरून बघणाऱ्याला शीरच फसफसल्यासारखी वाटते. म्हणून तुकडा काढून हातात आडवा धरा (हातमोजा असू द्या) आणि मसुराच्या दाण्याएवढाच थेंब शिरेच्या मधोमध ठेवा.

आधी त्याच प्रकारच्या जागी साध्या पाण्याचा एक थेंब टाकायची सवय लावा. सच्छिद्र दगडात हवा अडकलेली असते. पाणी आत शिरलं की दोन-चार बुडबुडे वर येतात आणि थांबतात. पाण्यालाही बुडबुडे येत असतील, तर आम्लाच्या त्या पहिल्या दोन-चार बुडबुड्यांना काही अर्थ नाही.

कॅल्साइटवर क्रिया लगेच, जोरात आणि एकसारखी होते. थेंबाचा सगळा तळ बुडबुड्यांनी भरतो, कान जवळ नेला तर सळसळ ऐकू येते, आणि थेंबाचा जोर संपेपर्यंत ती चालते. क्वार्ट्झवर थेंब स्वच्छ राहतो. या दोन टोकांच्या मधलं जे काही दिसेल, तिथे बुडबुडे नेमके कुठून निघतात ते बघा. हे बघताना चेहरा थेंबाच्या सरळ वर आणू नका, चष्मा लावून भिंग बाजूने थोडं तिरपं धरा. बुडबुड्यांची सरळ रांग दिसली तर क्वार्ट्झमधल्या भेगेत कॅल्साइट भरलेलं आहे. बुडबुडे सुटे सुटे, ठिपक्यांसारखे असतील तर कॅल्साइटचे दाणे विखुरलेले आहेत. सुरुवातीला सगळीकडून जोरात आले आणि काही सेकंदांत थांबले, तर तो वरचा पापुद्रा होता, आणि तुमचा पृष्ठभाग ताजा नाही.

चाकू जिथे सहज ओरखडतो, पण थेंब जवळपास गप्प राहतो, तिथे ओरखड्यातल्या भुकटीवर पुन्हा थेंब टाका. भुकटी हळू फसफसली, तर ते डोलोमाइट किंवा त्याचाच लोहयुक्त भाऊ अँकेराइट आहे. अँकेराइट हवेत तपकिरी पडतं, त्यामुळे शिरेच्या काठाला तपकिरी पट्टा दिसला की हा संशय घ्यावा. भुकटीही गप्प राहिली, तर क्वार्ट्झ आणि कॅल्साइट दोन्ही बाद. नखानेच ओरखडा पडत असेल तर जिप्सम, तुकडा हाताला अनपेक्षित जड लागत असेल तर बराइट, आणि बेसाल्टच्या भेगांत असेल तर झिओलाइटचा विचार करा. चाकू जिथे फारसा चालत नाही, पण दोन दिशांना जवळपास काटकोनात सपाट पृष्ठं चमकतात, ते फेल्डस्पार.

प्रत्येक चाचणीनंतर तुकडा पाण्याने धुवा. आम्ल लागलेला तुकडा तसाच पिशवीत टाकला, तर आतलं लेबल, पिशवी आणि शेजारचे नमुने सगळ्यांची वाट लागते.

तुमच्या शिरेसारखी एक शीर, पायरीपायरीने

समजा क्लोराइट शिस्टमध्ये १४ सेंटिमीटर रुंद पांढरी शीर आहे. ती खडकातून दोन-तीन सेंटिमीटर वर उठलेली आहे, एका काठाला तपकिरी पट्टा आहे आणि वरच्या पृष्ठभागावर आम्ल कुठे फसफसतं, कुठे नाही. उठावावरून क्वार्ट्झ वाटतं, आम्लावरून कॅल्साइट.

तिचा आडवा ताजा छेद मिळेल असा तुकडा काढा, काठ ते काठ. मोजपट्टी आडवी ठेवा आणि पहिला बिंदू काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर घेऊन पुढे दर सेंटिमीटरला एक, असे १४ बिंदू घ्या. प्रत्येक बिंदूवर चाकू, आणि चाकू चालला तर एक छोटा थेंब. असं काहीसं निघेल: पहिल्या बिंदूवर तपकिरी खनिज, चाकू चालतो, आम्ल फक्त भुकटीवर आणि तेही सावकाश. पुढच्या पाच बिंदूंवर चाकू घसरतो. मग मध्यावर चार बिंदू असे, की चाकू चालतो, सपाट पृष्ठं चमकतात आणि आम्ल जोरात. त्यानंतर उरलेल्या चार बिंदूंवर पुन्हा चाकू घसरतो.

म्हणजे १४ पैकी ९ क्वार्ट्झ, ४ कॅल्साइट, १ लोहयुक्त कार्बोनेट. टक्क्यांत अंदाजे ६४, २९ आणि ७. एका रेषेवरचा हा आकडा फार गंभीरपणे घेऊ नका. शिरेच्या लांबीवर अर्ध्या अर्ध्या मीटरच्या अंतराने अशा तीन रेषा घेतल्या, की प्रमाण कितपत बदलतं ते कळतं. तुम्ही विचारलेलं 'वीतभर पलीकडे काहीच होत नाही' हे इथेच उलगडतं. पहिला थेंब मधल्या पट्ट्यावर पडला आणि दुसरा काठच्या क्वार्ट्झवर.

आता मधल्या सीमेकडे भिंगातून बघा, कारण कोण आधी आलं हे तिथे लिहिलेलं असतं. क्वार्ट्झचे सहा बाजूंचे खांब काठाकडून मध्याकडे वाढलेले दिसले आणि त्यांची अखंड टोकं कॅल्साइटमध्ये घुसलेली असली, तर क्वार्ट्झ मोकळ्या भेगेत आधी वाढलं आणि उरलेली जागा कॅल्साइटने नंतर भरली. काठच्या क्वार्ट्झमधून कॅल्साइटचे केसासारखे धागे आडवे जात असतील, तर तो वरच्या पृष्ठभागावरचा तुरळक फसफसाट त्यांचाच. ते धागे मधल्या कॅल्साइटला सलग मिळतात की त्यालाही कापून पलीकडे जातात, हे बघा. सलग मिळत असतील तर दोन्ही एकाच वेळचे मानता येतात. कापून जात असतील तर नंतर पुन्हा एकदा भेग पडली आणि भरली.

वहीत तिला 'क्वार्ट्झ शीर' किंवा 'कॅल्साइट शीर' लिहू नका. 'क्वार्ट्झ-कॅल्साइट शीर, काठांना क्वार्ट्झ, मध्ये कॅल्साइट, एका काठाला तपकिरी कार्बोनेट, बारीक कॅल्साइट धागे क्वार्ट्झला छेदणारे' असं लिहा. रुंदी, दिशा आणि उतार त्यासोबत. कुठल्या पृष्ठभागावर चाचणी केली, ताज्या की जुन्या, हेही लिहा. पुढे कुणी त्या नोंदीवर शंका घेतली, तर पहिला प्रश्न तोच असेल.

तरीही ठरत नसेल तर

बारीक दाण्यांची, दोन्ही खनिजं मिसळलेली शीर चाकूला आणि डोळ्याला दोघांनाही चकवते. तिचा तुकडा परत आणा, कुटून भरड पूड करा आणि १० ग्रॅम नीट मोजून रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात घ्या. त्यात तेच १० टक्के आम्ल थोडं थोडं करून एकूण १०० मिलिलिटर घाला. सगळी पूड कॅल्साइट असली तरी सुमारे ७० मिलिलिटर पुरतं, म्हणून १०० मध्ये आम्ल कमी पडत नाही. एकदम ओतलं तर फेस भांड्याबाहेर येतो. झाकण घट्ट लावायचं नाही, कारण वायू निघत राहतो. रात्रभर ठेवा. सकाळी आणखी एक थेंब टाकून बघा, फसफसणं पूर्ण थांबलेलं असलं पाहिजे. मग गाळा, पाण्याने दोन-तीनदा धुवा, पूर्ण वाळवा आणि पुन्हा वजन करा. ७ ग्रॅम उरले, तर ३० टक्के कार्बोनेट होतं. उरलेले ७ ग्रॅम सगळे क्वार्ट्झच असतील असं मात्र नाही. शिस्टचे कण, अभ्रक, माती, पायराइट हेही थंड पातळ आम्लात बहुतांशी तसेच राहतात, म्हणून उरलेली पूड भिंगाखाली पसरून बघा आणि हिरवट-काळे कण किती आहेत त्याचा अंदाज नोंदवा. डोलोमाइट किंवा अँकेराइटचा संशय असेल, तर थंड आम्लात ते रात्रभरात पुरतं विरघळेलच असं धरू नका. पूड आणखी बारीक करा, नवं आम्ल घाला आणि भांडं कोमट पाण्यात ठेवून आणखी एक दिवस द्या. दुसऱ्या दिवशीचं वजन पहिल्यापेक्षा लक्षात येण्याइतकं उतरलं, तर ती घट बहुधा त्या सावकाश विरघळणाऱ्या कार्बोनेटची आहे, कॅल्साइटची नव्हे.